घरची वही : सूर्यास्ताआधीची गोळी



आपल्या घरांतून हिशेबाची वही रोज लिहिली जाते. पण वडीलधाऱ्यांच्या औषधांचा हिशेब मात्र बहुधा तोंडी असतो. ‘गोळी घेतली का?’ असे विचारायचे, ‘घेतली’ असे उत्तर यायचे आणि विषय संपायचा. आमच्या घरीही गेल्या वर्षापर्यंत असेच चालले होते. त्यातून काय घडले आणि त्यानंतर बंगळूरच्या धाकट्या भावाला मी कोणता ई-मेल लिहिला, ते या वेळी सांगते. अनेक वाचक भगिनींच्या घरी परिस्थिती थोड्याफार फरकाने अशीच असेल, म्हणून हा घरचा विषय वहीत घेत आहे.

आई एकोणऐंशी वर्षांची. ती संगमनेरला दादा आणि वहिनींजवळ राहते. मी पुण्यात, धाकटा भाऊ बंगळूरला कापडाच्या व्यवसायात. आईचा चौविहार गेली चाळीस वर्षे अखंड आहे. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही आणि अर्थातच गोळीही नाही. तिला सकाळी नवकारसीनंतर उपाशीपोटी थायरॉईडची गोळी, अर्ध्या-पाऊण तासाने नाश्त्याबरोबर साखरेची एक आणि रक्तदाबाची एक, आणि संध्याकाळच्या जेवणाबरोबर पुन्हा साखरेची एक व रक्तदाबाची दुसरी एक, अशा पाच गोळ्या आहेत. रक्तदाबाच्या दोन्ही गोळ्या सकाळी एकदम घेतल्या की तिला उठताना चक्कर येई, म्हणून डॉक्टरांनी एक संध्याकाळवर टाकलेली.

जूनमध्ये नातवाने मोठ्या प्रेमाने आजीच्या फोनमध्ये संध्याकाळी साडेसहाचा गजर लावून दिला. त्या दिवसांत संगमनेरला सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. आई साडेसहाला जेवायला बसे, गजर वाजे, गोळ्या घेतल्या जात. सगळे ठीक होते. सप्टेंबरच्या शेवटाकडे सूर्यास्त साडेसहाच्या अलीकडे सरकला. आईचे जेवणही अलीकडे आले. गजर मात्र होता तिथेच राहिला. तरी काही बिघडले नाही, कारण ताट वाढताना वहिनी गोळ्या स्वतःच्या हाताने देत. दिवाळीपासून दुकानात गर्दी वाढली आणि वहिनी संध्याकाळी गल्ल्यावर बसू लागल्या. आई झाकून ठेवलेले ताट आपले आपण घेऊन जेवू लागली. नोव्हेंबरात तिचे जेवण साडेपाचला होई, सहाच्या आत सूर्य मावळे, ती पच्चक्खाण घेऊन प्रतिक्रमणाला बसे आणि मग साडेसहाला गजर वाजे. तोवर गोळी घेण्याची वेळ तिच्या दृष्टीने संपलेली असे. ती गजर बंद करी. रात्री आठला माझा फोन गेला की मी विचारी, ‘आई, झालं का सगळं?’ ती म्हणे, ‘झालं.’ तिचे म्हणणे खोटे नव्हते. तिचे जेवण झालेले असे, प्रतिक्रमण झालेले असे. मी गोळीविषयी विचारत होते आणि ती दिवसाविषयी सांगत होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेहमीच्या तपासणीत तिचा रक्तदाब १७२/९४ निघाला. डॉक्टर संध्याकाळच्या गोळीची मात्रा वाढविण्याच्या बेतात होते. त्यांनी लिहायच्या आधी एकच प्रश्न विचारला, ‘गोळ्या रोज घेतल्या जातात ना?’ दादा ‘हो’ म्हणाले. पण घरी येताच त्यांनी दुकानदाराच्या सवयीने गोळ्यांची पाकिटे मोजायला घेतली. १ नोव्हेंबरला जुन्या शिलकेच्या ४ गोळ्या होत्या आणि नव्या ३० आणल्या होत्या. एकूण ३४. महिनाअखेरीस ४ उरायला हव्या होत्या. ३० नोव्हेंबरच्या रात्री किती उरल्या असाव्यात, हे नव्या पाकिटाला हात लागला नव्हता म्हणून नेमके काढता आले : २३. म्हणजे महिन्याचा खप ३० ऐवजी ११. वहिनी घरी होत्या तेवढ्याच संध्याकाळच्या त्या अकरा. बाकीच्या एकोणीस संध्याकाळी गोळी पाकिटातच राहिली.

दादांनी त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला आणि मात्रा वाढविणे थांबले. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न घेतलेल्या गोळीमुळे वाढलेला रक्तदाब ‘गोळी कमी पडते’ असा भास निर्माण करतो. त्यावरून मात्रा वाढली आणि मग घरचे जागे होऊन ती वाढीव गोळी नियमाने देऊ लागले, तर रक्तदाब गरजेपेक्षा खाली जाऊन माणूस न्हाणीघरात कोसळू शकतो. एकोणऐंशीव्या वर्षी मोडलेले खुब्याचे हाड म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

यानंतर आम्ही तिघेही जागे झालो आणि दुसरी चूक केली. तिघेही फोन करू लागलो. एका संध्याकाळी दादांनी दुकानातून विचारले, आईने गोळी घेतली. दहा मिनिटांनी माझा फोन गेला. आईच्या मनात शंका आली, ‘घेतली की नाही?’ आणि मला बरे वाटावे म्हणून तिने दुसरी गोळी हातात घेतली. घरात शिरणाऱ्या वहिनींनी ती पाहिली म्हणून थांबली. आधी कोणीच पाहत नव्हते म्हणून गोळी राहिली. आता सगळेच विचारत होते म्हणून ती दोनदा जाण्याची वेळ आली. एका वेळेला एकच माणूस जबाबदार हवा आणि त्याने पाहिलेले त्याच क्षणी लिहिले गेले पाहिजे, हे तेव्हा उमगले.

दादा-वहिनींवर आधीच बाकीचे सगळे होते. सकाळची वेळ मी घेतली. संध्याकाळसाठी धाकट्याला सांगायचे होते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आमच्या कुटुंबाच्या गटात अडतीस माणसे आहेत. आईच्या औषधांची चर्चा तिथे नको होती. फोनवर बोलावे तर तो गिऱ्हाईकात असतो, ‘हो ताई, हो ताई’ म्हणून मोकळा होतो. म्हणून ई-मेल लिहायचे ठरविले. तो निवांत वाचता येतो, त्याच्या पत्नीलाही वाचता येतो आणि गोळ्यांची यादी हवी तेव्हा पुन्हा सापडते.

पहिला मसुदा लिहिला तो रागाचा होता. ‘आई काही फक्त दादांची नाही’ हे त्यातले पहिलेच वाक्य. ‘तू वर्षातून दोनदा येतोस’ हे दुसरे. रात्रभर तो तसाच ठेवला. सकाळी वाचला तेव्हा लक्षात आले, की यात मागच्या पंधरा वर्षांची उधारी आहे, पण त्याने उद्यापासून नेमके काय करायचे ते एका ओळीतही नाही. असे पत्र ज्याला येते तो स्वतःचा बचाव करतो किंवा पैसे पाठवतो. मला दोन्ही नको होते. तो मसुदा पुसून जे लिहिले ते असे :

“विषय : आईच्या संध्याकाळच्या गोळ्या – रोज पाच मिनिटे तुझी हवीत

चि. भाऊ, अनेक आशीर्वाद.

आईची प्रकृती आज बरी आहे, काळजीचे कारण नाही. पण नोव्हेंबरमध्ये तिच्या संध्याकाळच्या रक्तदाबाच्या गोळ्या ३० पैकी १९ वेळा राहिल्या. दादांनी पाकिटे मोजली तेव्हा कळले. यात आईचा दोष नाही आणि वहिनींचाही नाही. गजर साडेसहाचा होता आणि सूर्यास्त सहाच्या आत होता. मी रोज फोन करीत होते, तरी माझ्याही लक्षात आले नाही.

आता आम्ही काम वाटून घेतले आहे. दर रविवारी दादा सात दिवसांच्या खणांच्या डबीत गोळ्या भरतात. सकाळची वेळ माझी. संध्याकाळची वेळ तू घ्यावीस अशी विनंती आहे.

तुला यासाठी का सांगते, ते लिहिते. तूही चौविहार करतोस. तुझा डबा दुकानात सूर्यास्ताआधी येतो. त्याच वेळी इकडे आईचे ताट असते. तू डबा उघडशील तेव्हा आईला व्हिडिओ फोन लाव. दोघे मिळून जेवा. तिने त्या वारच्या संध्याकाळच्या खणातल्या दोन गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या आणि रिकामा खण तुला दाखवला, की आपल्या तिघांच्या गटात एवढेच लिही : ‘संध्याकाळ, झाली’ आणि वेळ. त्यापलीकडे काही लिहू नकोस.

चार गोष्टी ठरल्या आहेत. तुझी वेळ असताना दादा आणि मी आईला गोळीचे विचारणार नाही. तूही सकाळी विचारू नकोस. सूर्यास्ताला वीस मिनिटे उरली आणि आई फोन उचलत नसेल, तर तिला पुन्हा पुन्हा न लावता वहिनींना लाव. त्या पायी सात मिनिटांत घरी पोहोचतात. गोळी घेतली की नाही याची शंका असेल, तर खण पाहा; खणावरूनही कळत नसेल, तर दुसरी गोळी देऊ नकोस, गटात लिही, दादा डॉक्टरांना विचारतील. राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशीच्या गोळीबरोबर दुप्पट करून कधीही द्यायची नाही.

उपवास, आयंबिल किंवा एकासणे असेल तर त्या दिवशीच्या गोळ्यांचे काय करायचे, हे दादा आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून गटात लिहितील. ते लिहिलेले नसेल तर आपण आपल्या मनाने ठरवायचे नाही.

आधी फक्त एक महिना करून पाहू. रोज जमणार नसेल तर आठवड्याचे कोणते वार जमतील ते कळव, बाकीचे मी घेईन. ‘जमेल तसे करतो’ मात्र नको; त्या शब्दांवर मला रविवारची डबी भरता येत नाही. मंगळवारपर्यंत उत्तर दे.

गोळ्यांची नावे, मात्रा, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो आणि औषधाच्या दुकानाचा फोन सोबत जोडला आहे.

तुझी ताई”

हा ई-मेल जसाच्या तसा कोणी वापरावा असे मी म्हणणार नाही. पण त्यातल्या दोन-तीन गोष्टी का तशा लिहिल्या, ते सांगते. आईची प्रकृती बरी असल्याचे वाक्य सर्वांत आधी आहे, कारण परगावी राहणारा भाऊ ‘आई’ हा शब्द विषयात पाहताच घाबरतो आणि घाबरलेला माणूस पुढचे वाचत नाही. चूक सांगताना माझीही चूक त्यातच सांगितली. आणि मागणी एकच ठेवली : ठरलेली वेळ, ठरलेली कृती, ठरलेले दोन शब्द. ‘आईकडे लक्ष दे’ असे लिहिले असते तर तो नक्की ‘हो’ म्हणाला असता, पण त्या ‘हो’चे मोजमाप कोणालाच करता आले नसते.

त्याचे उत्तर सोमवारीच आले. त्याने एक अडचण काढली आणि ती योग्य होती. हिवाळ्यात बंगळूर आणि संगमनेरचे सूर्यास्त जवळजवळ एकाच वेळी होतात. जूनमध्ये मात्र बंगळूरचा सूर्य जवळपास अर्धा तास आधी मावळतो. म्हणजे उन्हाळ्यात त्याचा डबा आईच्या ताटाआधी संपणार. मग त्यानेच सुचविले, की वेळ घड्याळाने न ठरवता संगमनेरच्या सूर्यास्तापूर्वी पाऊण तास अशी ठरवावी आणि प्रत्येक महिन्याच्या १ व १६ तारखेला जैन पंचांगातल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या कोष्टकावरून गजर बदलावा. गजर बदलण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. नातवाच्या गजरात जी खोट होती, ती अशी भरून निघाली. नवकारसीची वेळही सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे अशी सरकतीच असते, तेव्हा सकाळचा गजरही त्याच दिवशी बदलू लागलो.

खरी अडचण आईकडून आली. ती या सगळ्यावर रुसली. ‘मी काय दुकानातला माल आहे, रोज मोजायला?’ असे ती दादांना म्हणाली. आम्ही तिघांनी मिळून तिच्यासाठी व्यवस्था ठरविली होती. तिला विचारायचे मात्र राहून गेले होते. मी मुद्दाम संगमनेरला गेले. तिच्याशी बोलताना कळले, की नोव्हेंबरमध्ये गोळ्या राहत आहेत हे तिला ठाऊक होते. तिने ते सांगितले नाही, कारण एकदा कोणीतरी तिला सुचविले होते, की चौविहाराऐवजी दुविहार करावा, म्हणजे रात्री पाण्याबरोबर गोळी घेता येईल. गोळीचा विषय निघाला की आपला चौविहार सुटेल, ही धास्ती तिच्या मनात बसली होती. तिचे ‘झालं’ हे उत्तर तिच्या व्रताचे कुंपण होते. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, की संध्याकाळच्या जेवणाबरोबर, मग ते साडेपाचला असो वा साडेसहाला, गोळी घेतली तरी चालेल; रोज घेतली जाणे महत्त्वाचे. आईच्या चौविहाराला धक्का लागण्याचे काही कारण नव्हतेच. हे त्यांनी तिच्यासमोर सांगितले तेव्हा ती सैल झाली.

मग तिने तिची अट घातली. फोनवरचा गट तुमचा. पण मूळ वही माझी. स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी एक शंभर पानी वही दोरीने टांगली आहे. गोळी घेतली की ती स्वतः तारखेसमोर खूण करते आणि मगच भावाला खण दाखवते. फोनला रेंज नसली, भाऊ प्रवासात असला, तरी वही असतेच. गटातले दोन शब्द त्या वहीची नक्कल आहेत.

या व्यवस्थेतही झीज होते, हे तीन महिन्यांत दिसून आले. फेब्रुवारीत एकदा भावाने खण न पाहताच ‘झाली’ लिहिले. आई बोलता बोलता जेवली, हसली, फोन ठेवला आणि सवयीने त्याची बोटे चालली. रविवारी दादांनी डबी भरायला घेतली तेव्हा गुरुवारच्या संध्याकाळच्या खणात दोन गोळ्या तशाच होत्या. रोजची नोंद माणूस करतो आणि माणसाची नोंद सवयीने खोटी होऊ शकते. शिल्लक माल खोटे बोलत नाही. म्हणून रविवारचे मोजणे आम्ही कधीही सोडत नाही. दादा भरण्यापूर्वी रिकाम्या डबीचा फोटो गटात टाकतात आणि महिनाअखेरीस पाकिटे मोजून शिल्लक लिहितात. ती यादी डॉक्टरांकडे जाताना बरोबर असते. आता ‘गोळ्या रोज घेतल्या जातात ना?’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर न देता आम्ही आकडा सांगतो.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. रोजचा हा फोन म्हणजे प्रकृतीवरची पहारेदारी नव्हे. आईचे बोलणे अडखळले, चेहरा एका बाजूला ओढला गेला, छातीत दुखू लागले किंवा घाम फुटून ती गोंधळल्यासारखी दिसली, तर गटात लिहीत बसायचे नाही. वहिनींना फोन करून तिला थेट दवाखान्यात न्यायचे. गटाच्या माथ्यावर दादांनी तेवढी एक ओळ कायमची लिहून ठेवली आहे.

मार्चच्या तपासणीत रक्तदाब १३८/८० होता, त्याच जुन्या मात्रेवर. फेब्रुवारीच्या महिन्यात २८ पैकी २७ संध्याकाळच्या गोळ्या गेल्या होत्या. राहिलेली एक गुरुवारची.

महिन्याची मुदत केव्हाच संपली. ती वाढवायची का, असे भावाला विचारायचे माझ्या मनात होते. परवा संगमनेरला गेले होते तेव्हा संध्याकाळी आईच्या शेजारीच बसले होते. फोन लागला. पलीकडे बंगळूरच्या दुकानात कापडाच्या गाठींच्या मागे भाऊ डबा उघडून बसला होता. आईने त्याला विचारले, ‘आज भाजी कसली?’ तो म्हणाला, ‘दुधीची.’ ‘मीठ बघ, गेल्या खेपेला जास्त होतं म्हणालास.’ मग तिने खण उघडला, दोन गोळ्या तळहातावर घेऊन त्याला दाखवल्या, पाणी प्यायली, रिकामा खण दाखवला आणि उठून वहीत खूण केली. मी मुदतीविषयी काही विचारले नाही.